शेतीशाळेचे ध्वनिमुद्रण आणि दोन पानांचे टिपण

खरिपाच्या तोंडावर गावोगाव सोयाबीनच्या शेतीशाळा भरतात. मंदिराच्या ओट्यावर किंवा एखाद्याच्या गोठ्याशेजारच्या झाडाखाली पंचवीस-तीस शेतकरी जमतात, कृषी विभागाचा कर्मचारी किंवा कृषी विज्ञान केंद्राचा तज्ज्ञ बोलतो आणि कोणीतरी मोबाइल मधे ठेवून सगळे टिपून घेतो. दीड-दोन तासांच्या या मुद्रणात पेरणी, फवारणी आणि नोंदी असे तिन्ही विषय येऊन जातात. पण ते एकाखाली एक येत नाहीत. बीजप्रक्रियेची गोष्ट चालू असताना कोणी मागच्या वर्षीच्या चक्रीभुंग्याचा प्रश्न विचारतो, त्याला उत्तर देताना औषधाचे प्रमाण सांगितले जाते, आणि पेरणीच्या खोलीकडे गाडी परत येते तेव्हा वीस मिनिटे गेलेली असतात. हे मुद्रण पुढे गटावर पाठवले तरी पेरणीच्या सकाळी दोन तास ऐकत कोणी बसत नाही. तेव्हा हाताशी लागते ते दोन पानांचे टिपण, आणि ते करणे दिसते त्यापेक्षा अवघड आहे.

अडचण शब्दसंख्येची नसते. शेतात उभा राहून बोलणारा माणूस हाताने बरेच काही सांगतो. ‘एवढे खोल पेरा’ म्हणताना त्याने बोट दाखवलेले असते, ‘या पंपाला इतके औषध’ म्हणताना समोर पंप असतो, ‘अशी ओल पाहिजे’ म्हणताना मुठीत माती असते. मोबाइलमध्ये यातले फक्त ‘एवढे’, ‘इतके’ आणि ‘अशी’ हे शब्द उतरतात. आकडा ऐकू येतो तेव्हाही तो कशाला लागू आहे हे सुटून जाते: एकराला की हेक्टरला, दहा लिटर पाण्याला की एका पंपाला, किलोभर बियाण्याला की पिशवीला. टिपण करणाऱ्याचे खरे काम म्हणजे प्रत्येक आकड्याला त्याचे माप आणि त्याची अट परत जोडून देणे.

म्हणून मुद्रण दोनदा ऐकावे लागते. पहिल्यांदा न थांबवता, फक्त कोणत्या मिनिटाला कोणता विषय आला ते वहीत मांडत. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, आणि ऐकलेले प्रत्येक वाक्य तीनपैकी एका गटात टाकत: सर्वांसाठी दिलेला सल्ला, एखाद्याच्या शेतापुरते दिलेले उत्तर, आणि कोणा शेतकऱ्याने सांगितलेला स्वतःचा अनुभव. भारी काळ्या जमिनीत पाणी साचते म्हणणाऱ्याला दिलेला सल्ला हलक्या मुरमाड जमिनीच्या माणसाने जसाच्या तसा उचलला तर नुकसान होते. तो टिपणात ठेवायचा तर ‘पाणी साचणाऱ्या भारी जमिनीसाठी’ हे शब्द त्याच्यासोबत हवेतच. शेवटची पंधरा-वीस मिनिटे विशेष लक्ष देऊन ऐकावीत. प्रश्नोत्तरांच्या ओघात तज्ज्ञ आधी सांगितलेल्या आकड्याची दुरुस्ती करतो ती बहुधा याच वेळी, आणि घाईने केलेल्या सारांशात दुरुस्ती न होता जुना आकडाच राहून जातो.

औषधांची नावे हा वेगळाच धोका आहे. वाऱ्यात आणि ट्रॅक्टरच्या आवाजात ‘प्रोफेनोफॉस’ आणि ‘प्रोपिकोनॅझोल’ ही नावे सारखीच वाटू शकतात. पहिले कीटकनाशक आहे, दुसरे बुरशीनाशक. ‘थायामेथोक्झाम’ नीट ऐकू आले तरी काम संपत नाही, कारण त्याचे ३० टक्के एफएस रूप बियाण्याला चोळण्यासाठी असते आणि २५ टक्के डब्ल्यूजी रूप फवारणीसाठी. त्यामुळे नावासोबत टक्केवारी आणि रूप लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण होत नाही. जे ऐकू आले नाही तिथे अंदाजाने शब्द भरू नये. ‘४७व्या मिनिटाला नाव अस्पष्ट, विचारणे’ अशी नोंद करून पुढे जावे.

आता पेरणीचा भाग. मुद्रणात तो असा ऐकू येतो असे धरू: ‘एकरी तीस किलो बी पुरे. उगवण कमी निघाली तर थोडे वाढवा. चांगला पाऊस झाल्याशिवाय घाई करू नका. आणि एवढ्यावर टाका, खोल जाऊ देऊ नका.’ ऐकणाऱ्याला हे पटते, पण यातल्या एकाही वाक्यावरून पेरणी करता येत नाही.

टिपणात पायऱ्या बोलण्याच्या क्रमाने न लावता कामाच्या क्रमाने लावायच्या. म्हणून सर्वांत आधी येते उगवण चाचणी, तज्ज्ञाने ती शेवटी सांगितली असली तरी. घरच्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि ते सुकू द्यायचे नाही. सात-आठ दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. चाचणीला आठवडा जातो आणि बियाणे बदलायची वेळ आली तर आणखी काही दिवस लागतात. म्हणून टिपणात ‘पेरणीच्या किमान पंधरा दिवस आधी’ असे स्पष्ट लिहिलेले बरे.

‘थोडे वाढवा’ याचे उत्तर साध्या प्रमाणात आहे. एकरी ३० किलो हे माप ७० टक्के उगवण धरून दिलेले असते. शंभरपैकी ६२ दाणे उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६२ ने भागायचे. उत्तर जवळजवळ ३४ किलो येते. उगवण ६० टक्क्यांच्या खाली गेली तर बियाणे वाढवत बसू नये, ते बदलावे. मुळात हे तीस किलो कुठून येतात हेही पडताळून पाहता येते, आणि टिपण करणाऱ्याने ते एकदा पाहावेच. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर एकरात सुमारे १ लाख ८० हजार रोपे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल तर ३० किलोत अडीच लाख दाणे होतात, आणि त्यांतले ७० टक्के उगवले की पावणेदोन लाख रोपे मिळतात. हिशेब जुळला म्हणजे आकडा बरोबर ऐकला. मुद्रणात ‘तेरा किलो’ की ‘तीस किलो’ अशी शंका आली तर ती अशीच मिटते. टपोऱ्या दाण्याच्या वाणाला किलो जास्त का लागतात आणि पसरणाऱ्या वाणाला रुंद अंतरावर कमी का चालतात, हेही याच हिशेबातून कळते.

बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा, आणि बोलताना नेमका तोच उलटसुलट होतो. आधी बुरशीनाशक, गरज असेल तर त्यानंतर कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या थोडे आधी, रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक. उलटे केले तर जिवाणू मरतात आणि पाकीट वाया जाते. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. हाताने रगडून चोळले तर ती सुटते आणि दाणा उगवत नाही. ‘हलक्या हाताने’ हे दोन शब्द सारांशात अनावश्यक वाटून गाळले जातात. ते गाळू नयेत.

‘चांगला पाऊस’ म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, असे सोयाबीनसाठी सांगितले जाते. तालुक्याच्या पर्जन्यमापकावर शंभर मिलिमीटर नोंद झाली तरी आपल्या शिवारात तितका पडला असेलच असे नाही, म्हणून आकड्याशेजारी शेतात पाहायची खूणही लिहावी लागते: वरची माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, आणि खाली उकरून पाहिले तर ओलीला ओल भिडलेली असावी. यालाच वापसा म्हणतात, आणि हा शब्द वाचणाऱ्याला ठाऊक असतो. धूळपेर किंवा एका सरीवर केलेली घाई बहुतेक वेळा दुबार पेरणीत संपते.

‘एवढ्यावर’ म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटर. बोटाच्या दीड-दोन पेरांइतके. त्याहून खोल गेलेल्या दाण्यावर पावसाने माती चोपली तर कोंबाला वर येता येत नाही, आणि वरवर पडलेला दाणा दोन दिवसांच्या उन्हात कोरडा पडतो. पेरणीयंत्राची किंवा तिफणीची खोली आधी लावलेली असली तरी शेताच्या पोताप्रमाणे ती बदलते. म्हणून ही पायरी टिपणात अशी लिहिणे उपयोगाचे: ‘पहिल्या दोन तासांनंतर थांबा, चार-पाच ठिकाणी माती उकरून दाणा किती खोल पडला ते पेराने मोजा, मग पुढे चला.’ ज्या भागात तास म्हणजे पेरणीची ओळ हे सर्वांना कळते तिथे ‘तास’ लिहावे. बाहेरच्या वाचकासाठी ‘ओळी’ लिहावे, नाहीतर कोणी घड्याळ पाहील.

फवारणीच्या भागात चुकीची किंमत सर्वांत जास्त, म्हणून तिथे थांबून काम करावे लागते. मुद्रणात वाक्य असते: ‘उंटअळी दिसली की क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल तीन मिली घ्या.’ यात दोन गोष्टी राहिल्या आहेत: ‘दिसली’ म्हणजे किती, आणि ‘तीन मिली’ कशात.

पहिलीचे उत्तर मोजणीत आहे. दोन ओळींमध्ये कापड अंथरून मीटरभर ओळीतली झाडे त्यावर हलवायची, पडलेल्या अळ्या मोजायच्या, आणि शेतात आठ-दहा ठिकाणी हेच करून सरासरी काढायची. पाने खाणाऱ्या उंटअळ्यांसाठी फुलोऱ्यापूर्वी मीटरभर ओळीत सरासरी चार ही पातळी धरली जाते. त्याखाली असतील तर फवारणीचा खर्च अळीच्या नुकसानीपेक्षा जास्त होतो. चक्रीभुंग्याची मोजणी अशी होत नाही, कारण त्याची अळी खोडात असते. देठावर किंवा खोडावर एकाखाली एक कुरतडलेल्या दोन गोल खाचा आणि त्यांच्या वरचा भाग सुकलेला, ही त्याची खूण. मुद्रणात ‘पस्तिसाव्या दिवशी फवारणी’ असे ऐकले असेल तर तो मोजणी करायचा दिवस समजावा. फवारायचे की नाही हे मोजणी सांगते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाटलीच्या लेबलवर मिळते. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी सोयाबीनवर हेक्टरी १५० मिली, ५०० लिटर पाण्यात, असे आहे. एकरी ते ६० मिली आणि २०० लिटर होते. म्हणजे ‘तीन मिली’ हे दहा लिटर पाण्यामागे, आणि एकराला पुरते दोनशे लिटर फवारले जाईल हे धरून.

आता शेतकऱ्याकडे सोळा लिटरचा बॅटरी पंप आहे आणि तो एकराला आठ पंप मारतो असे समजू. त्याने ‘तीन मिली’ पंपाला धरले तर एकरात २४ मिली औषध पडले, शिफारशीच्या निम्म्याहूनही कमी. दुसऱ्या कोणी नीट ऐकून दहा लिटरला तीन, म्हणजे सोळा लिटरला ४.८ मिली घेतले, तरी आठ पंपांत ३८ मिलीच होते. अळी मरत नाही, औषधाला दोष दिला जातो, आणि आठवड्यात दुसरी फवारणी होते. दोघांनीही सांगितल्याप्रमाणेच केले होते. चूक सारांशात होती.

म्हणून टिपणात मात्रा एकरी लिहावी, आणि ती पंपात कशी बदलायची याची एक पायरी द्यावी. ती गुंठ्यावर करता येते. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा आखायची, म्हणजे एक गुंठा झाला. पंपात खुणेपर्यंत साधे पाणी भरायचे, नेहमीच्या चालीने तेवढी जागा फवारायची आणि खुणेपर्यंत परत भरायला किती पाणी लागले ते मोजायचे. ३.२ लिटर लागले तर चाळीस गुंठ्यांना १२८ लिटर, म्हणजे सोळा लिटरचे आठ पंप. साठ मिलीला आठने भागले की पंपाला साडेसात मिली. मात्र पीक दाटलेले असताना १२८ लिटर पाणी खालच्या पानांपर्यंत पोहोचत नाही, आणि अळी तर तिथेही असते. अशा वेळी चाल मंद करून पंप बारा-तेरापर्यंत न्यावे आणि प्रत्येकात पाच मिलीच्या आसपास घ्यावे. पीक लहान असताना पाणी कमी लागते. एकरातले औषध मात्र साठ मिलीच राहते, पंप आठ असोत की तेरा.

नोझलचा उल्लेख मुद्रणात ओझरता येतो, पण टिपणात त्याला एक ओळ द्यावी: कीटकनाशकासाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे, तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे सर्वांत सुरक्षित. औषधे एकत्र करण्याविषयीही विचारले जाते. ‘सोबत टॉनिक चालेल’ असे कोणी बोलून गेले असेल तर ते लेबलवर लिहिलेले असल्याशिवाय पायरीत घेऊ नये. बरणीत थोडे-थोडे मिसळून पाहिले तर साका बसतो का एवढेच कळते. पिकावर काय होईल ते कळत नाही.

सुरक्षिततेची वाक्ये सारांशात सर्वांत आधी कापली जातात, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत असे वाटते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. उंच वाढलेली झाडे, दमट हवा, अंगावर येणारा फवारा आणि उघडे हात-तोंड अशी परिस्थिती फवारणी करणाऱ्याच्या वाट्याला आजही येते. म्हणून या ओळी शेवटी ‘सूचना’ म्हणून न टाकता ज्या कामाच्या वेळी लागतात तिथेच लिहाव्यात: हातमोजे आणि मास्क औषध मोजण्याच्या पायरीआधी, वाऱ्याची दिशा पाहणे पंप उचलण्याआधी, तुंबलेले नोझल तोंडाने न फुंकणे नोझलच्याच ओळीत. लेबलवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या त्रिकोणांत लाल सर्वांत विषारी, एवढे लिहिले तरी पुरते. मळमळ, चक्कर, धूसर दिसणे किंवा तोंडातून लाळ गळणे सुरू झाले तर काम थांबवून, कपडे बदलून आणि अंग साबणाने धुऊन दवाखान्यात जायचे, आणि बाटली किंवा लेबल सोबत न्यायचे. त्यावरूनच डॉक्टरांना विष कोणते ते कळते.

नोंदींविषयी तज्ज्ञ बहुधा ‘सगळे लिहून ठेवा’ म्हणून पुढे सरकतो. शेतकऱ्याला मात्र काय लिहायचे आणि ते कशाला लागेल हे कळले तरच वही उघडली जाते. पेरणीच्या दिवशी चार गोष्टी पुरतात: तारीख, शेत आणि त्याचे क्षेत्र, वाण आणि पिशवीवरचा लॉट क्रमांक, आणि एकरी टाकलेले किलो. पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणे काढणीपर्यंत जपून ठेवायचे. उगवण फसली आणि तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जावे लागले तर हेच दाखवायला लागते.

फवारणीच्या नोंदीत ती तारीख, अळ्यांची सरासरी, औषधाचे नाव टक्केवारीसह, मारलेले पंप आणि एकूण वापरलेले मिली येतात, आणि तीन-चार दिवसांनी केलेली दुसरी मोजणी. यातला ‘एकूण मिली’ हा रकाना सर्वांत बोलका असतो. एका एकरासाठी साठ मिलीची बाटली आणली आणि फवारणीनंतर तिच्यात पस्तीस उरले असतील, तर पंपाची मात्रा चुकली हे त्याच संध्याकाळी उघड होते. दुसरी फवारणी करायची वेळ येईपर्यंत थांबावे लागत नाही.

तारखेचा आणखी एक उपयोग फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायच्या दिवसांसाठी होतो. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलसाठी सोयाबीनवर ते २९ दिवस आहेत. २२ जूनला पेरलेले आणि साधारण अठ्ठ्याण्णव दिवसांत तयार होणारे पीक २८ सप्टेंबरला काढणीला येते. शेंगांवरची अळी पाहून ५ सप्टेंबरला हेच औषध मारले तर २९ दिवस ४ ऑक्टोबरला संपतात, म्हणजे काढणी थांबवून धरावी लागते आणि शेंगा फुटू लागतात. वहीत पेरणीची तारीख असेल तर हे फवारणीआधीच दिसते, आणि लेबल पाहून कमी दिवसांचे औषध निवडता येते.

एवढे झाल्यावर टिपण दोन माणसांना दाखवायचे असते. पहिला तो तज्ज्ञ ज्याने सत्र घेतले; त्याच्यापुढे अस्पष्ट राहिलेल्या जागा ठेवायच्या आणि प्रत्येक आकडा त्याच्याकडून पक्का करून घ्यायचा. दुसरा असा शेतकरी जो सत्राला आला नव्हता. त्याला टिपण वाचायला देऊन विचारावे: दुकानात काय मागाल, तुमच्या पंपात किती टाकाल, कोणत्या दिवशी थांबाल? तो जिथे अडतो किंवा वेगळे उत्तर देतो, तिथली ओळ पुन्हा लिहायची, आणि गरज पडली तर मुद्रणातल्या त्या मिनिटाकडे परत जायचे. म्हणूनच प्रत्येक पायरीशेजारी समासात मिनिटाचा आकडा ठेवलेला असतो, आणि मुद्रण पीक घरी येईपर्यंत पुसायचे नसते. टिपणाच्या माथ्यावर पीक, तालुका, जमिनीचा प्रकार आणि सत्राची तारीख लिहायची, कारण औषधांच्या शिफारशी बदलत राहतात आणि दोन वर्षांपूर्वीचे पान गटावर कालचे म्हणून फिरत राहते.